कोपऱ्यातलं नाव

‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’ ही ओळ मराठीत पहिल्यांदा कुणी छापली ते शोधून काढायला हवं. अंकांत, स्मरणिकांत, पुस्तकांत, ट्रेकिंग क्लबच्या कॅलेंडरवर, सगळीकडे ती भेटते. काहीजण जास्त प्रामाणिक असतात, ते ‘गूगलवरून साभार’ लिहितात. जणू गूगल नावाचे कुणी काका आहेत आणि ते दर रविवारी पाठीवर पिशवी टाकून गडावर जातात. या ओळीत आभार कुणाचेच नसतात. फोटो आपला नाही एवढाच कबुलीजबाब असतो. आणि बऱ्याचदा मूळ फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं. ते कापल्यानंतरच ही ओळ लिहायची गरज पडते.

एका दिवाळी अंकाच्या चित्रांचं काम मी काही वर्षं बघते. चित्रकारांशी बोलणं, फोटो मिळवणं, ते छापण्याजोगे आहेत की नाहीत हे तपासणं आणि श्रेयनामावली लिहिणं. त्यामुळे कोपऱ्यातल्या नावाचं काय करायचं हा प्रश्न माझ्यासमोर दरवर्षी येतो, आणि तो दरवर्षी तसाच नसतो. मागे एकदा तो फार नेमकेपणाने आला, म्हणून त्याच वेळेबद्दल लिहिते.

मुखपृष्ठासाठी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो हवा होता. विकिमीडिया कॉमन्सवर एक सापडला. पावसाळ्यानंतरचा, कड्याचा आत वळलेला बाक उजवीकडे आणि डावीकडे धुक्याने भरलेली दरी. फाइल ६००० × ४००० पिक्सेलची, म्हणजे कॅमेऱ्यातून आली तशीच. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, BY-SA 4.0. उजव्या कोपऱ्यात खाली पांढऱ्या अक्षरांत छायाचित्रकाराचं नाव होतं.

आमचं मुखपृष्ठ उभं, सव्वासात बाय साडेनऊ इंचांचं. आडव्या फोटोतून उभा तुकडा काढायचा तर ४००० पिक्सेलची पूर्ण उंची घेऊनही रुंदी जेमतेम ३००० मिळते, म्हणजे निम्मं चित्र जाणारच. आम्हाला कडा हवा, तो उजवीकडे. म्हणजे नाव असलेला कोपरा आपसूक आत येत होता. शिवाय कागद कापताना छपाईवाले चारही बाजूंनी तीन मिलिमीटर सोडतात. आमच्या आकाराला ते साधारण ५० पिक्सेल होतात आणि नावाची अक्षरं कडेपासून फार तर चाळीसेक पिक्सेल आत होती. म्हणजे काहीच केलं नसतं तर नाव अर्धवट कापलं गेलं असतं. वरच्या मात्रा आणि शिरोरेघा उरल्या असत्या आणि खालचं सगळं कात्रणात गेलं असतं.

आमच्या मांडणीकाराने मग तेच विचारलं, जे सगळे मांडणीकार विचारतात. “ताई, खालचं नाव उडवतो. आत श्रेयनामावलीत देऊच की आपण.”

हे वाक्य ऐकायला अगदी सरळ आहे. आम्ही चोरी करत नव्हतो. परवाना होता, नाव देणार होतो. पण त्या एका वाक्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. फोटो वापरायला परवानगी आहे का? फोटो कापायला परवानगी आहे का? आणि नाव एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी ठेवायला परवानगी आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं की आपण उरलेल्या दोन्हींचं ‘हो’ गृहीत धरतो.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं परवान्यात मिळतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात BY म्हणजे श्रेय द्या. SA म्हणजे फोटोत फेरफार करून नवी कृती केलीत तर तीही याच परवान्याने खुली करा. NC असेल तर व्यापारी वापर नाही, मग विकल्या जाणाऱ्या अंकाने त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. ND असेल तर फेरफार केलेलं रूप प्रसिद्ध करता येत नाही. नुसतं कापणं हा फेरफार ठरतो की नाही, हे देशोदेशीच्या कायद्यावर अवलंबून आहे, त्यामुळे ND दिसलं की मी कात्री खालीच ठेवते. आमच्या फोटोवर ND नव्हतं, म्हणजे कापायला हरकत नव्हती. कापलंय हे सांगावं लागतं, एवढंच.

तिसरा प्रश्न अवघड आहे. परवान्याची चौथी आवृत्ती म्हणते की फोटो देणाऱ्याने त्याच्यासोबत काही माहिती दिली असेल, म्हणजे कर्त्याची ओळख, हक्काची सूचना, परवान्याचा उल्लेख, दुवा, तर ती माहिती राखून ठेवा. आणि हे माध्यमाला साजेशा कुठल्याही वाजवी रीतीने करता येईल. माझ्या वाचनाप्रमाणे याचा अर्थ असा की राखायची ती माहिती, पिक्सेल नव्हेत. नाव फोटोवरून उतरवून फोटोखाली ठेवलं तर परवाना मोडत नाही. कॉमन्सवरही हीच रीत आहे. तिथे फोटोवर ठळक दिसणारी नावं नकोच असतात. तशा फाइलला तिथली मंडळी सूचनेचा साचा लावतात आणि कुणी नाव कापून नवी आवृत्ती चढवली तर नावाची नोंद फाइलच्या वर्णनात राहील हे बघतात. तिसऱ्या आवृत्तीची भाषा मात्र जास्त कडक होती. हक्काच्या सगळ्या सूचना जशाच्या तशा ठेवा, असं ती म्हणत असे. फोटोवर नुसतं नाव नसून आधी © ची खूण असेल, तर ती ‘सूचना’ आहे असं कुणीही म्हणू शकेल. कॉमन्सवरचे हजारो जुने फोटो अजून त्याच आवृत्तीखाली आहेत. त्यामुळे ‘सीसी आहे’ एवढं बघून थांबायचं नाही, पुढचा आकडा बघायचा.

इथपर्यंत मांडणीकाराची बाजू बरीच बळकट होती. माझा पाय अडकला तो परवान्यात नाही, आपल्या कायद्यात.

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि ६५-बी हे कलम आलं. एखाद्या कृतीसोबत तिच्या हक्कांबद्दलची जी माहिती असते, म्हणजे शीर्षक, कर्त्याचं नाव, हक्कधारकाचं नाव-पत्ता, वापराच्या अटी, ती माहिती जाणूनबुजून आणि अधिकार नसताना काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड, असं ते कलम सांगतं. हक्कधारकाला दिवाणी दाद मागता येते ती वेगळीच. फोटोच्या कोपऱ्यातलं नाव हे ‘कर्त्याचं नाव’ नाही असं म्हणायला फार धीटपणा लागेल.

याच बाबतीत अमेरिकेचा कायदा आपल्यापेक्षा एक पायरी जास्त मागतो. तिथे नुसतं काढणं पुरत नाही. आपण काढल्यामुळे हक्कभंग होईल, तो सोपा होईल किंवा झाकला जाईल, हे काढणाऱ्याला माहीत असावं लागतं, निदान माहीत असायला हवं होतं असं दाखवावं लागतं. म्हणजे परवाना घेऊन, नाव दुसरीकडे देऊन फोटो छापणाऱ्याला तिथे निसटायला बरीच जागा आहे. आपल्या कलमाच्या पहिल्या भागात ही पायरीच नाही. तिथे दोनच प्रश्न आहेत. जाणूनबुजून काढलंत का? आणि अधिकार होता का? मांडणीकार नाव ‘उडवतो’ तेव्हा ते जाणूनबुजूनच असतं. मग सगळा भार ‘अधिकार’ या एका शब्दावर येतो.

नाव कापल्याचा एक अमेरिकन खटला मला फार आवडतो, कारण त्यात वॉटरमार्कही नव्हता. पीटर मर्फी नावाच्या छायाचित्रकाराने २००६ साली ‘न्यू जर्सी मंथली’ या मासिकासाठी एका रेडिओ केंद्राच्या दोन निवेदकांचा फोटो काढला. केंद्राच्या फलकामागे दोघं उभे आहेत आणि अंगावर कपडे नसावेत असं वाटतं, असा चावट फोटो. मासिकाने तो छापला आणि पानाच्या कडेला बारीक अक्षरांत मर्फी यांचं नाव दिलं. पुढे रेडिओ केंद्रातल्या कुणीतरी ते पान स्कॅन केलं, नावाची कड वगळली आणि फोटो केंद्राच्या वेबसाइटवर चढवला. वर श्रोत्यांना सांगितलं, या फोटोत हवे ते बदल करून पाठवा. मर्फी कोर्टात गेले. खालच्या कोर्टाचं म्हणणं पडलं की कायद्याला अभिप्रेत असलेली माहिती म्हणजे हक्क जपणाऱ्या स्वयंचलित संगणकी व्यवस्थेचा भाग असलेली माहिती, कागदावर छापलेलं नाव त्यात बसत नाही. २०११ साली तिथल्या अपील न्यायालयाने हे उलटवलं आणि खटला परत पाठवला. कायद्यात ‘कर्त्याचं नाव’ म्हटलंय, पानाच्या कडेला कर्त्याचं नाव होतं, विषय संपला, असा त्या निकालाचा सरळ अर्थ. स्कॅनरच्या काचेवर पान किती तिरकं ठेवलं, यावरही किती काही अवलंबून असतं!

तर अधिकार. तो मिळवायची रीत हास्यास्पद वाटावी इतकी साधी आहे. विचारायचं. कॉमन्सवर छायाचित्रकाराला संदेश पाठवता येतो. मी जे लिहिलं ते साधारण असं होतं : “तुमचा कोकणकड्याचा फोटो आमच्या अंकाच्या मुखपृष्ठावर घ्यायचा आहे. उभ्या आकारात कापावा लागेल आणि वर अंकाचं नाव येईल. कापताना कोपऱ्यातलं तुमचं नाव अर्धवट राहतं. ते पूर्ण काढून आत श्रेय दिलं तर चालेल का? तुमच्याकडे नाव नसलेली मूळ फाइल असेल तर तीच मिळेल का? मानधन पंधराशे रुपये देऊ शकतो.”

यातलं मानधनाचं वाक्य बघून संपादक कुरकुरले होते. परवाना फुकट आहे तर पैसे कशाला? पण वर अंकाचं नाव टाकून केलेलं मुखपृष्ठ ही SAच्या हिशेबाने नवी कृती ठरते का, म्हणजे सगळं मुखपृष्ठच खुलं करावं लागेल का, हा वाद मला छपाईच्या तोंडावर नको होता. छायाचित्रकार स्वतः हक्कधारक असतो. खुल्या परवान्याने फोटो दिलेला असला तरी तो आपल्याला निराळी, साधी परवानगी देऊ शकतो, आणि मग SAची अट आपल्यापुरती उरत नाही. पंधराशेत एक मोठी डोकेदुखी मिटत होती.

त्यांचा फोन आला. आठवडाभर लग्नाचे फोटो काढायचे आणि सुट्टीला गडावर जायचं, असा त्यांचा क्रम. फाइल देतो म्हणाले, नाव काढायलाही काही हरकत नाही म्हणाले. आणि मग म्हणाले, “पण मॅडम, एक करा. मुखपृष्ठ फेसबुकवर टाकाल ना, तिथे पोस्टमध्ये माझं नाव लिहा. आतल्या पानावरचं नाव अंक विकत घेणारा बघेल. मुखपृष्ठ तर सगळीकडे फिरणार.”

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि परवान्याच्या कलमांत तर ते सापडलंच नसतं. छापील अंकात श्रेय ‘वाजवी रीतीने’ आत देता येतं, कारण पानं एकमेकांना शिवलेली असतात. पडद्यावर मुखपृष्ठ एकटं फिरतं. कोपऱ्यातलं नाव कुरूप असतं, चित्राच्या रचनेला धक्का देतं, सगळं मान्य. पण फोटोपासून न सुटणारं श्रेय तेवढं एकच असतं. ते काढलं की श्रेय द्यायचं काम दर वेळी कुणीतरी आठवणीने करावं लागतं. आम्ही त्यांचं नाव श्रेयनामावलीत दिलं, पोस्टमध्ये दिलं आणि पडद्यासाठी केलेल्या मुखपृष्ठाच्या प्रतीत कड्याच्या खाली बारीक अक्षरांत पुन्हा घातलं. म्हणजे एका कोपऱ्यातून काढून दुसऱ्या कोपऱ्यात. मांडणीकार त्यावर काही बोलला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

न दिसणारं नाव हा यातला आणखी एक भाग. कॅमेरे आणि संपादनाची सॉफ्टवेअरं फाइलच्या पोटात कर्त्याचं नाव, श्रेयाची ओळ, हक्काची सूचना लिहून ठेवू शकतात. दिसणारं नाव कापलं तरी हे राहू शकतं, आणि राहावं अशी काळजी घेता येते. व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला तर ते पुसलं जातं, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतं. म्हणून छायाचित्रकारांना मी नेहमी डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगते. आलेल्या फाइलमध्ये काय आहे ते बघायला `exiftool` हे मोफत साधन पुरतं :

```
exiftool -Artist -By-line -Credit -Copyright -CopyrightNotice kada.jpg
exiftool -b -ThumbnailImage kada.jpg > thumb.jpg
```

पहिल्या ओळीने नावं दिसतात. दुसरी जास्त गमतीची आहे. कॅमेरा फाइलमध्ये फोटोची एक चिमुकली प्रत ठेवतो आणि कापणारी काही साधनं ती बदलायला विसरतात. आमच्याकडे एकदा एका लेखासोबत ‘मी स्वतः काढलेला’ म्हणून जत्रेचा फोटो आला. आकार ६००० × ३७४०. कॅमेऱ्याचे फोटो बहुतेक तीनास दोन किंवा चारास तीन या प्रमाणात येतात. हे प्रमाण कशातच बसत नव्हतं, रुंदी मात्र पूर्ण शाबूत. नुसती खालची पट्टी गेली की असंच होतं. चिमुकली प्रत काढून बघितली, तर खाली काळ्या पट्टीवर एका स्टुडिओचं नाव. लेखकांना विचारलं तर म्हणाले, “अहो, तो स्टुडिओ आमच्याच गावचा आहे.” ठीक आहे. मग स्टुडिओचा नंबर द्या.

सगळीच नावं सारखी नसतात, हेही सांगायला हवं. फोटोभर तिरकी, पारदर्शक जाळी असेल तर ती सही नव्हे, न भरलेलं बिल आहे. फोटो विकणाऱ्या संस्था नमुना दाखवतात तेव्हा ती घालतात. तिथे कापण्यापुसण्याची चर्चाच नको, पैसे भरले की स्वच्छ फाइल मिळते. याच्या उलट टोकाला काही नावं चक्क उपरी असतात. राजा दीनदयाळ १९०५ साली वारले. त्यांचे फोटो कधीच सगळ्यांचे झाले आहेत. त्यांच्यावर आज कुणी आपल्या पेजचा शिक्का मारला असेल तर तो कर्त्याचं नाव नाही आणि हक्कधारकाचंही नाही. असा शिक्का मी निःशंकपणे कापते, आणि खाली दीनदयाळांचं नाव लिहिते. संग्रहालयाकडून प्रत मिळाली असेल तर संग्रहालयाचंही लिहिते. ते कायद्यासाठी नाही, पुढच्याला मूळ प्रत कुठे आहे ते कळावं म्हणून.

आणि मग लग्नाचे फोटो. यावरून नात्यागोत्यात मला सल्ला विचारला जातो. पैसे आम्ही दिले, चेहरे आमचे, तर कोपऱ्यातला स्टुडिओचा लोगो आम्ही का नाचवायचा? भाचीने हेच विचारलं तेव्हा तिला वाटलं होतं की मावशी आता छायाचित्रकाराची बाजू घेणार. पण आपल्या कायद्याचं कलम १७ बरंचसं तिच्या बाजूने आहे. मोबदला देऊन कुणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नसेल, तर कॉपीराइटची पहिली मालकी काढून घेणाऱ्याची असते. म्हणजे तो फोटो छापायला, वाटायला, भिंतीवर लावायला तिला कुणाला विचारायचं कारण नाही. कर्ता मात्र फोटो काढणाराच राहतो, आणि कलम ५७ प्रमाणे ‘हे मी केलंय’ असं म्हणायचा त्याचा हक्क मालकी दुसऱ्याकडे गेली तरी जात नाही.

“मग लोगो कापू की नको?” तिने विचारलं.

मी म्हटलं, आधी करार काढ. तिने मोबाइलमध्ये शोधला. आगाऊ रकमेच्या पावतीच्या मागे सात ओळी होत्या, त्यांतली पाचवी अशी : सर्व छायाचित्रांचे हक्क स्टुडिओकडे राहतील. तिने पावती भरताना ती वाचलेली नव्हती. मग तिने स्टुडिओला फोन केला, आणि त्यांनी लोगो नसलेले चाळीस फोटो दुसऱ्या दिवशी पाठवले. फ्रेम करायचे असतील तर असेच लागतात, म्हणाले. इन्स्टाग्रामवर टाकाल तेव्हा फक्त आम्हाला टॅग करा.